तोच साठा, तीच शिकार, पण चिन्ह उलटे

२ डिसेंबर १९४६ रोजी वॉशिंग्टनमध्ये देवमाशांच्या शिकारीविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारावर सह्या झाल्या. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात एका हंगामात किती शिकार करायची, याचा आकडा या कराराच्या नियमावलीत होता : १६,००० ‘ब्लू व्हेल युनिट’. एक युनिट म्हणजे एक निळा देवमासा, किंवा दोन फिन देवमासे, किंवा अडीच हम्पबॅक, किंवा सहा सेई. हे गुणोत्तर प्रत्येक जातीपासून किती तेल निघते यावरून बांधलेले होते. हंगाम सुरू झाला की निरनिराळ्या देशांच्या ताफ्यांकडून दर आठवड्याला शिकारीचे आकडे नॉर्वेतील सांडेफ्योर्डच्या कार्यालयात जात. बेरीज १६,००० च्या जवळ आली की शिकार थांबवण्याची तारीख जाहीर होई.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. अंटार्क्टिक निळ्या देवमाशांची मूळ संख्या दोन लाखांहून अधिक असावी असा आजचा अंदाज आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांतले काही शेच उरले होते. त्याचा दोष माणसाच्या हावेला दिला जातो, आणि ती हाव खरीच होती. पण फक्त हावेकडे बोट दाखवले की एक गोष्ट नजरेतून सुटते. समजा, सर्वांनी नियम प्रामाणिकपणे पाळला असता आणि ठरलेला आकडा दरवर्षीच्या नैसर्गिक वाढीइतकाच असता, तरीही तो नियम धोक्याचाच ठरला असता. का, ते अकरावी-बारावीच्या गणिताने कळते. त्यासाठी एका समीकरणाचा अवकलज, म्हणजे डेरिव्हेटिव्ह, काढायचा आणि तो धन आहे की ऋण एवढेच पाहायचे.

वाढीचा वेग

देवमाशांच्या संख्येला N म्हणू. ही संख्या दरवर्षी किती वेगाने वाढते किंवा घटते, हे जर फक्त आजच्या N वर अवलंबून असेल, तर ते असे लिहिता येते :

dN/dt = f(N)

डावीकडे आहे संख्येच्या बदलाचा वेग. उजवीकडचे f(N) सांगते, की संख्या इतकी असेल तर वेग इतका. f(N) धन असेल तर संख्या वाढते, ऋण असेल तर घटते आणि शून्य असेल तर जिथल्या तिथे राहते. ज्या संख्येला f(N) शून्य होते, तो समतोल.

शिकार नसताना प्राण्यांची संख्या कशी वाढते, यासाठी बेल्जियन गणिती पिएर-फ्रांस्वा व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये एक साधे सूत्र मांडले. संख्या कमी असताना प्रत्येक जोडीला अन्न आणि जागा मुबलक, म्हणून वाढ ठरावीक टक्केवारीने होते. गर्दी वाढली की ही टक्केवारी घटत जाते, आणि समुद्र जेवढे पोसू शकतो तेवढी संख्या झाली की वाढ थांबते. सूत्र असे :

f(N) = rN(1 − N/K)

यात r हा मोकळ्या परिस्थितीतील वाढीचा दर आणि K ही समुद्राची धारणक्षमता. हिशेब सोपा जावा म्हणून गोल आकडे घेऊ : K दोन लाख आणि r वर्षाला ०.०८, म्हणजे आठ टक्के. हे आकडे माझ्या उदाहरणाचे आहेत, पण अंटार्क्टिक निळ्या देवमाशांविषयीच्या आजच्या अंदाजांपासून ते फार दूर नाहीत.

या समीकरणाला दोन समतोल आहेत. एक शून्यावर, कारण देवमासाच नसेल तर पिल्ले कुठून येणार? दुसरा दोन लाखांवर. दोन्ही ठिकाणी वेग शून्य आहे. पण दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे, आणि तो f च्या किमतीतून कळत नाही, कारण ती दोन्हीकडे शून्यच आहे. त्यासाठी समतोलाच्या अगदी शेजारी f काय करते ते पाहावे लागते.

शेजारी काय घडते

समजा, समतोल एका ठिकाणी आहे आणि काही कारणाने संख्या त्यापासून जराशी ढळली. एखाद्या हंगामात क्रिल कमी पडले, किंवा मोजणीत चूक झाली. या ढळण्याला x म्हणू. समतोलावर f शून्य आहे, म्हणून थोड्या अंतरावर f ची किंमत जवळपास x गुणिले f चा तिथला चढ-उतार एवढी असते. हा चढ-उतार म्हणजेच अवकलज, f′. तेव्हा ढळलेल्या अंतराचे समीकरण होते :

dx/dt = f′ · x

यात सगळा निकाल आहे. f′ ऋण असेल, तर x धन असताना वेग ऋण होतो आणि x ऋण असताना वेग धन. संख्या समतोलाच्या वर गेली तर खाली ओढली जाते, खाली गेली तर वर ढकलली जाते. ढळलेले अंतर विरत जाते. असा समतोल स्थिर. f′ धन असेल, तर नेमके उलटे. वर गेलेली संख्या आणखी वर जाते, खाली गेलेली आणखी खाली. चूक स्वतःच स्वतःला वाढवते. असा समतोल अस्थिर. कागदावर तो समतोलच असतो, पण प्रत्यक्षात त्यावर कोणी टिकत नाही.

एकाच राशीच्या समीकरणात चिन्हावरून एवढा ठाम निकाल मिळतो, याचे कारण संख्येला जायला दोनच दिशा असतात : वर किंवा खाली. भक्ष्य आणि भक्षक अशा दोन राशी असत्या, तर समतोलाभोवती गिरक्या घेणेही शक्य झाले असते. एका रेषेवर गिरकी घ्यायला जागा नसते.

आता व्हेरहुल्स्टच्या सूत्राकडे परत जाऊ. त्याचा अवकलज आहे r − 2rN/K. शून्यावर त्याची किंमत +०.०८, दोन लाखांवर −०.०८. म्हणजे भरलेला समुद्र स्थिर आहे आणि रिकामा समुद्र अस्थिर. शून्य अस्थिर असणे ही इथे चांगली बातमी आहे. शिकार थांबली आणि थोडेसे देवमासे उरले असले, तर संख्या शून्यापासून दूर जाऊ लागते. १९९८ च्या सुमारास अंटार्क्टिक निळ्या देवमाशांची संख्या २,३०० च्या आसपास असल्याचा अंदाज निघाला आणि वाढीचा दर वर्षाला सुमारे आठ टक्के आढळला. ही त्या धन चिन्हाची कमाई.

ठरावीक आकड्याचा कोटा

आता शिकार आणू. १९४६ च्या नियमाचा गाभा असा, की समुद्रात कितीही देवमासे असोत, दरवर्षी ठरलेला आकडा पकडायचा. त्या आकड्याला H म्हणू. समीकरण होते :

f(N) = rN(1 − N/K) − H

आपल्या उदाहरणात वर्षाला ३,००० देवमासे पकडायचे ठरवले, तर समतोल कुठे येतील? वर्गसमीकरण सोडवले की दोन उत्तरे मिळतात : १,५०,००० आणि ५०,०००. पडताळा घ्या. दीड लाखांवर वाढीची टक्केवारी दोन, दीड लाखाचे दोन टक्के ३,०००. पन्नास हजारांवर टक्केवारी सहा, पन्नास हजाराचे सहा टक्के ३,०००. दोन्हीकडे निसर्गाची भर आणि माणसाची पकड तंतोतंत जुळते. केवळ बेरीज-वजाबाकी पाहणाऱ्याला दोन्ही ठिकाणी ‘टिकाऊ शिकार’ दिसेल.

आता अवकलज पाहू. H हा ठरावीक आकडा आहे, N बदलला तरी तो बदलत नाही, म्हणून अवकलजात त्याचा वाटा शून्य. दीड लाखांवर : ०.०८ − ०.१२ = −०.०४. पन्नास हजारांवर : ०.०८ − ०.०४ = +०.०४. पहिला समतोल स्थिर, दुसरा अस्थिर.

पन्नास हजारांच्या समतोलावर एक छोटी चूक काय करते ते आकड्यांनी पाहू. मोजणीत ५०,००० आले, पण खरी संख्या ४९,००० होती. त्या वर्षी नैसर्गिक भर पडते सुमारे २,९६०, पकड ३,०००. तूट चाळीसची. एकोणपन्नास हजारांत चाळीस ही कुठल्याही सर्वेक्षणाला जाणवणारी गोष्ट नाही. पण तूट पडली म्हणून पुढच्या वर्षी पिल्ले आणखी थोडी कमी, पकड मात्र तेवढीच. समीकरण पूर्ण सोडवले, तर संख्या ४० हजारांवर यायला सुमारे ५५ वर्षे लागतात. तिथून २५ हजारांवर यायला आणखी २० वर्षे. आणि उरलेले २५ हजार संपायला सुमारे १३ वर्षे पुरतात.

बँकेतल्या ठेवीवर जगणाऱ्या माणसाचा हिशेब असाच असतो. व्याज जेवढे येते तेवढीच रक्कम तो दरमहा काढतो, तोवर मुद्दल शाबूत असते. एखाद्या महिन्यात मुद्दलाला थोडा हात लागला आणि काढायची रक्कम मात्र तीच राहिली, की व्याज घटते, तूट वाढते, आणि वर्षानुवर्षे ठीक दिसणारे खाते शेवटी भराभर रिकामे होते.

आकड्यांच्या या क्रमात एक मोठा धोका लपलेला आहे. अस्थिर समतोलाजवळ घसरण सुरुवातीला अतिशय मंद असते, कारण वेग हा ढळलेल्या अंतराच्या प्रमाणात असतो आणि ते अंतर अजून लहान असते. ज्या काळात सुधारणा स्वस्तात होऊ शकते, त्याच काळात काही बिघडल्याचे दिसत नाही. आणि दिसू लागते तेव्हा वेग हाताबाहेर गेलेला असतो.

जास्तीत जास्त पकडीच्या काठावर

मग कोटा कितीपर्यंत वाढवता येईल? नैसर्गिक भर सर्वांत जास्त असते ती संख्या धारणक्षमतेच्या निम्मी असताना, म्हणजे एक लाखावर. तिथे वर्षाला चार हजारांची भर पडते. म्हणून चार हजार ही ‘जास्तीत जास्त टिकाऊ पकड’. अमेरिकेचे मिल्नर शेफर यांनी पॅसिफिकमधल्या ट्यूना माशांचा अभ्यास करताना १९५४ मध्ये हाच सांगाडा वापरला, आणि त्यानंतर ही कल्पना मत्स्यव्यवस्थापनात दूरवर पसरली.

पण कोटा वाढवताना दोन समतोलांचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. ३,००० ला ते दीड लाख आणि पन्नास हजार होते. कोटा ३,८४० केला की ते १,२०,००० आणि ८०,००० होतात. ३,९६० केला की १,१०,००० आणि ९०,०००. स्थिर समतोल खाली सरकतो, अस्थिर वर येतो, आणि मधली सुरक्षित जागा आकसत जाते. स्थिर समतोलावरचा अवकलज ऋणच राहतो, पण शून्याकडे सरकतो : −०.०४, मग −०.०१६, मग −०.००८.

आतापर्यंत आपण फक्त चिन्ह पाहत होतो. इथे अवकलजाचा आकारही बोलू लागतो. ढळलेले अंतर निम्मे व्हायला किती काळ लागेल, ते हा आकार ठरवतो. −०.०४ असताना सुमारे १७ वर्षे, −०.०१६ असताना ४३ आणि −०.००८ असताना ८७ वर्षे. पकड तीन हजारांवरून ३,९६० केली, म्हणजे एक तृतीयांशाहून थोडी कमी वाढवली, तर एखाद्या वाईट हंगामातून सावरायचा काळ पाचपट झाला. सावरण्याआधीच दुसरा वाईट हंगाम येण्याची शक्यता तेवढीच वाढली. जॉन बेडिंग्टन आणि रॉबर्ट मे यांनी १९७७ मध्ये नेमके हेच दाखवून दिले : पकड कमाल मर्यादेकडे नेली की साठ्याची सावरण्याची गती मंदावते, आणि निसर्गातल्या चढ-उतारांचा परिणाम वाढत जातो.

कोटा बरोबर चार हजार केला की दोन्ही समतोल एक लाखावर एकत्र येतात आणि अवकलज शून्य होतो. इथे आपली कसोटी थांबते. चिन्हच नाही, तर निकाल कसा द्यायचा? अशा वेळी f ला थेट पाहावे लागते. आपल्या उदाहरणात एक लाखाच्या वर असो वा खाली, f ऋणच निघतो. १,०५,००० असताना संख्या एक लाखाकडे घटत येते, ही समतोलाकडे परतण्याची दिशा. ९५,००० असतानाही ती घटतच जाते, ही समतोलापासून दूर जाण्याची दिशा. म्हणजे हा समतोल एका बाजूने धरून ठेवतो आणि दुसऱ्या बाजूने सोडून देतो. आणि सोडतो तोही इतक्या हळू, की ९५,००० असताना वर्षाची घट अवघी दहा देवमाशांची असते. जास्तीत जास्त टिकाऊ म्हणून निवडलेला हा आकडा ठरावीक कोट्याच्या नियमाखाली अजिबात टिकाऊ नसतो.

पकड तीच, नियम वेगळा

आता या लेखातला मुख्य मुद्दा. पन्नास हजारांच्या त्याच साठ्याकडे परत जाऊ, जिथे तीन हजारांचा कोटा अस्थिर निघाला होता. नियम बदलू. ‘दरवर्षी तीन हजार’ असे न म्हणता ‘दरवर्षी असलेल्या संख्येच्या सहा टक्के’ असे म्हणू. पन्नास हजाराचे सहा टक्के तीन हजारच होतात. समतोल तोच, साठा तोच, पकडही तीच. समीकरण मात्र आता असे झाले :

f(N) = rN(1 − N/K) − hN

इथे h म्हणजे ०.०६. पकडीचा भाग आता N बरोबर बदलतो, म्हणून अवकलजात त्याचा वाटा येतो. पन्नास हजारांवर : ०.०८ − ०.०४ − ०.०६ = −०.०२. चिन्ह उलटले. जो समतोल अस्थिर होता तो स्थिर झाला.

पुन्हा त्याच चुकीने तपासू. खरी संख्या ४९,००० निघाली. नैसर्गिक भर तीच, सुमारे २,९६०. पकड मात्र ४९,००० च्या सहा टक्के, म्हणजे २,९४०. तूट पडण्याऐवजी वीसची वाढ. संख्या हळूहळू पन्नास हजारांकडे परत जाते. एकाही देवमाशाच्या शरीरात काही बदलले नाही, पिल्ले होण्याचा दर बदलला नाही, सरासरी पकडही बदलली नाही. संख्या घटली की पकड किती घटवायची, एवढेच बदलले.

ही गोष्ट सूत्राशिवाय, आलेखावरही पाहता येते. आडव्या अक्षावर संख्या घ्या, उभ्या अक्षावर नैसर्गिक भर आणि पकड. भर ही डोंगरासारखी कमान होते, ठरावीक कोटा ही आडवी रेघ आणि टक्केवारीचा नियम ही शून्यातून वर चढणारी रेघ. जिथे रेघ कमानीला छेदते तिथे समतोल. f′ म्हणजे त्या छेदाजवळचा कमानीचा चढ वजा रेघेचा चढ. पन्नास हजारांवर कमान ०.०४ ने चढत असते. आडवी रेघ चढतच नाही, म्हणून फरक धन. टक्केवारीची रेघ ०.०६ ने चढते, म्हणून फरक ऋण. रेघ कमानीपेक्षा जास्त चढी असेल तर समतोल टिकतो, कमी चढी असेल तर कोसळतो. दीड लाखांवर ठरावीक कोटाही टिकला, कारण तिथे कमान स्वतःच उतरू लागलेली होती. साठा भरपूर असताना वाईट नियमही चालून जातो, तो याच कारणाने.

चिन्ह जे सांगत नाही

ही कसोटी नेमके काय सांगते आणि काय नाही, हे माहीत नसेल तर ती फसवते.

पहिली गोष्ट, अवकलज समतोलाच्या अगदी शेजारचे सांगतो. तीन हजारांच्या कोट्याखाली दीड लाखांचा समतोल स्थिर आहे, पण तो संख्येला परत ओढतो ते ती पन्नास हजारांच्या वर असेल तोवरच. रोगराईने किंवा चोरट्या शिकारीने संख्या एकदम ४५ हजारांवर आली, तर दीड लाखांवरचे ऋण चिन्ह काही कामाचे नाही. स्थिर समतोल असणे आणि तिथपर्यंत परतण्याची वाट मोकळी असणे या दोन गोष्टी आहेत.

दुसरी गोष्ट, स्थिर म्हणजे चांगला असे नाही. टक्केवारीच्या नियमासाठी दरवर्षी मोजणी लागते. ती सातत्याने वीस टक्के जास्त येत असेल, तर कागदावरचे सहा टक्के प्रत्यक्षात ७.२ टक्के होतात. नवा समतोल येतो वीस हजारांवर. तिथला अवकलज −०.००८, म्हणजे तो स्थिरच आहे. साठा एक दशांशावर येऊनही टिकून राहील. टक्केवारीच्या नियमाने चुकीची शिक्षा नाहीशी होत नाही, पण ती मर्यादेत राहते. प्रत्यक्ष टक्केवारी आठच्या पुढे गेली, तर तीही मर्यादा उरत नाही.

तिसरी गोष्ट, सूत्र असे धरते की आजच्या संख्येचा परिणाम आजच्याच वाढीवर होतो. खरा देवमासा वयात यायला काही वर्षे घेतो आणि मादी दर दोन-तीन वर्षांनी एक पिल्लू देते. परिणाम उशिरा दिसत असेल तर एका राशीच्या साध्या समीकरणातले ऋण चिन्ह पुरेसे ठरत नाही. उशीर पुरेसा मोठा असेल आणि प्रतिसाद तीव्र असेल, तर संख्या समतोलाच्या वर-खाली झोके घेऊ शकते. देवमाशांची वाढ मंद असल्यामुळे हा धोका त्यांच्या बाबतीत कमी आहे. भरभर वाढणाऱ्या किड्यांच्या किंवा लहान माशांच्या बाबतीत तो खरा आहे.

अंटार्क्टिकात काय झाले

प्रत्यक्षातला कोटा आपल्या समीकरणापेक्षाही वाईट होता. १९६३ पर्यंतच्या काळात तो काही हंगाम थोडा खाली आणला गेला, काही हंगाम राष्ट्रांच्या वादात लागूच राहिला नाही, पण जेव्हा होता तेव्हा चौदा हजार युनिटांच्या खाली गेला नाही. साठा घसरत होता आणि पकडीची रेघ जवळपास आडवीच होती. त्यात युनिटाच्या हिशेबाने निरनिराळ्या जाती एकाच आकड्यात बांधल्या गेल्या. निळा देवमासा दुर्मीळ झाला तरी ताफे समुद्रात राहिले, कारण कोटा फिन देवमाशांनी भरता येई. आणि फिनच्या मागे असताना एखादा निळा दिसला, तर तो एकटा पूर्ण युनिट असल्याने सोडला जात नसे. ज्या जातीला सर्वांत जास्त सवलत हवी होती, तिच्यासाठी नियमात काहीच नव्हते.

१९६० मध्ये आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने ज्या देशांचा अंटार्क्टिक शिकारीत वाटा नव्हता अशा ठिकाणचे तज्ज्ञ नेमले : न्यूझीलंडचे के. रॅडवे अ‍ॅलन, अमेरिकेचे डग्लस चॅपमन आणि अन्न व कृषी संघटनेचे सिडनी होल्ट. पुढे त्यांना जॉन गलँड येऊन मिळाले. जातवार साठा, जातवार वाढ आणि जातवार पकड असा हिशेब त्यांनी मांडला. त्यांचा सल्ला होता की निळ्या आणि हम्पबॅकची शिकार पूर्ण थांबवावी, फिनची बरीच कमी करावी आणि ब्लू व्हेल युनिट रद्द करावे. १९६२–६३ च्या हंगामात १५,००० युनिटांचा कोटा भरलासुद्धा नाही. म्हणजे कोटा मर्यादा म्हणून उरलाच नव्हता. साठ्याने स्वतःच ताफ्यांना थांबवले होते. निळ्या देवमाशाला संरक्षण १९६० च्या दशकाच्या मध्यावर मिळाले, पण सोव्हिएत ताफ्यांची बेकायदा शिकार त्यानंतरही काही वर्षे चालू राहिली. युनिट रद्द व्हायला १९७२ उजाडले.

व्यापारी शिकार थांबवण्याचा निर्णय आयोगाने १९८२ मध्ये घेतला. पुढे कधी परवानगी द्यायचीच झाली तर आकडा कसा ठरवावा, यासाठी आयोगाच्या वैज्ञानिकांनी एक नवी पद्धत तयार केली, आणि १९९४ मध्ये आयोगाने ती मान्य केली. त्या पद्धतीत साठा मूळ संख्येच्या ५४ टक्क्यांच्या खाली असल्याचा अंदाज आला, तर पकड शून्य. त्यावर असेल तर साठा वाढेल तशी पकड वाढत जाते. आपल्या आलेखाच्या भाषेत, ही रेघ शून्यातून निघत नाही. ती ५४ टक्क्यांपासून सुरू होते आणि त्यामुळे टक्केवारीच्या रेघेपेक्षाही चढी असते. मोजणीतल्या अनिश्चिततेचाही त्यात हिशेब आहे : अंदाज जितका अंधुक, तितकी परवानगी कमी. व्यापारी शिकारबंदी कायम असल्यामुळे आयोगाने या पद्धतीने कोटे दिलेले नाहीत, पण नियम लिहिण्याची रीत मात्र बदलली.

समुद्रातल्या माशांचा, जंगलातल्या लाकडाचा किंवा जमिनीखालच्या पाण्याचा कोटा ठरतो तेव्हा वाद बहुतेक वेळा आकड्यावरच होतो : किती घ्यायचे? तो प्रश्न समतोल कुठे येईल एवढेच ठरवतो. समतोल टिकेल की नाही, हे दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून असते : साठा ठरल्यापेक्षा कमी निघाला, तर घ्यायचा आकडा किती कमी होणार, आणि तो निसर्गाच्या भरीपेक्षा लवकर कमी होणार का? ज्या नियमात या प्रश्नाचे उत्तर लिहिलेले नाही, त्या नियमाच्या अवकलजात माणसाचा वाटा शून्य आहे. मग साठा टिकतो तो केवळ अजून भरपूर उरला आहे म्हणून.